अडकलेले सदतीस हजार

ऑनलाइन जाहिरातीच्या खात्यात ५९,००० रुपये भरले की स्क्रीनवर ५०,००० दिसतात. वरचे ९,००० म्हणजे १८ टक्के जीएसटी. पैसे परत मागायची वेळ आली तेव्हा मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते या न दिसणाऱ्या रकमेसाठी, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. आम्ही मिरची कांडप यंत्रं बनवतो, ज्याला आपल्याकडे डंक म्हणतात. मार्च ते मे हे चटणीचे महिने, त्यामुळे डंक घेणारा माणूस किंवा बचत गट फेब्रुवारीतच चौकशी सुरू करतो. कराड, चिपळूण, बार्शी अशा ठिकाणच्या बायका फोनवर ‘मिरची कांडप मशीन किंमत’ असं शोधतात, तिथे आमची जाहिरात वर दिसते आणि त्या थेट कारखान्याला फोन लावतात. माझ्या धंद्याचं निम्मं वर्ष या एका महिन्यावर उभं असतं. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चालू खात्यातून एकरकमी ५९,००० भरले. सोबत जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीने २,००० रुपयांचं प्रमोशनल क्रेडिट दिलं, म्हणजे फक्त जाहिरातींवर वापरायची भेट रक्कम.

महिना अर्धा सरत आला असताना एका रात्री ईमेल आला, की पैसे भरण्याच्या व्यवहारात संशयास्पद बाब आढळल्याने खातं निलंबित केलं आहे. कोणती बाब, कोणता व्यवहार, काहीच लिहिलेलं नव्हतं. सकाळी फोन वाजायचे थांबले. खात्यात शिल्लक मात्र तशीच दिसत होती, ३३,३६० रुपये. खाली लाल पट्टीत लिहिलं होतं, की जाहिराती चालू शकत नाहीत. जाहिरातीचं सगळं काम माझा भाचा बघतो. तो म्हणाला, “आत्या, पैसं समोर दिसाय लागल्यात, पण हात लावता येईना.”

आम्ही पहिल्यांदा अपील केलं. अपील म्हणजे खातं पुन्हा चालू करा ही विनंती. त्यासाठी एक ठरलेला फॉर्म असतो. त्यात धंदा कसला, पैसे कोण भरतं, कुठल्या खात्यातून भरतं हे विचारतात आणि कागद मागतात. पॅन, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, उद्यम प्रमाणपत्र, बँकेचा उतारा, सगळं दिलं. उत्तर आलं ते चार ओळींचं: तपासणी केली, निर्णय कायम आहे.

असं का झालं असावं हे कंपनीने शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर आमच्या सीएंना एक गोष्ट दिसली. मालकी एका व्यक्तीची असेल तर जीएसटी प्रमाणपत्रावर दोन नावं असतात. कायदेशीर नाव म्हणजे मालकाचं स्वतःचं आणि व्यापारी नाव म्हणजे कारखान्याच्या पाटीवरचं. पॅनवर फक्त माझं नाव. बँकेच्या चालू खात्यावर पाटीचं नाव. जाहिरात खात्याच्या बिलिंग प्रोफाइलवरही पाटीचं नाव. म्हणजे ओळखपत्र एका नावाचं आणि पैसे दुसऱ्या नावाने आलेले. आपल्याला हे रोजचं आहे, कोल्हापुरातल्या अर्ध्या कारखान्यांचं असंच असतं. पण नाव नावाशी जुळवून बघणाऱ्या यंत्रणेला हा कुणी तिऱ्हाईत दुसऱ्याच्या खात्यातून पैसे भरतोय असा प्रकार वाटू शकतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही जीएसटी प्रमाणपत्राचं ते पान जोडून दुसरं अपील केलं, ज्यावर दोन्ही नावं एकाखाली एक छापलेली असतात. तेही फेटाळलं गेलं.

या टप्प्यावर ओळखीतल्या लोकांनी दोन सल्ले दिले आणि दोन्ही मी नाकारले. पहिला सल्ला, की मिस्टरांच्या नावाने नवीन खातं काढ. निलंबित खात्याचा मालक, पत्ता, फोन, वेबसाइट किंवा बँक यातलं काहीही नव्या खात्यात पुन्हा आलं की कंपनी दोन्ही खाती जोडते, आणि मग बंदी चुकवल्याचा आरोप लागतो. तो पहिल्या आरोपापेक्षा जड असतो, कारण तो खरा असतो. दुसरा सल्ला बँकेतून आला: व्यवहारावर हरकत घ्या, चार्जबॅक मागा. पण पैसे मीच भरले होते, माझ्या संमतीने भरले होते आणि त्यातला एक हिस्सा रीतसर वापरलाही गेला होता. पूर्ण ५९,००० वर हरकत घेणं खोटं झालं असतं. शिवाय चार्जबॅक झाला की कंपनीच्या वहीत ती आपली थकबाकी म्हणून चढते. मग रिफंड राहिला बाजूला, उलट आपणच देणेकरी ठरतो.

इथवर आम्ही एकाच पत्रात दोन गोष्टी मागत होतो: खातं चालू करा, आणि जमत नसेल तर पैसे द्या. अशी पत्रं जातात अपील बघणाऱ्यांकडे. त्यांच्या हातात बिलिंग नसतं, म्हणून ते फक्त पहिल्या वाक्याचं उत्तर देतात आणि तक्रार निकाली काढतात. बिलिंगच्या चॅटवर विचारलं तर तिथला मुलगा म्हणायचा, “मॅडम, खातं निलंबित आहे, आधी अपील करा.” मला हे फार लागलं. बंदी बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. तो मी हरले तरी न वापरलेले पैसे माझेच राहतात. जी जाहिरात दाखवलीच नाही तिचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क कुणाला कसा असेल?

कंपनीच्या अटी आम्ही संध्याकाळी बसून ओळ न ओळ वाचल्या. त्यात स्पष्ट होतं, की खातं बंद केल्यावर न वापरलेली आगाऊ रक्कम परत मिळते आणि प्रमोशनल क्रेडिट परत मिळत नाही. म्हणजे रिफंडची चावी ‘खातं बंद करा’ या बटणात होती, आणि निलंबित खात्यातही ते बटण उघडत होतं. मला भीती होती ती एवढीच, की बंद केलं तर अपील कायमचं संपेल. हंगाम हातातून चालला होता. कागदावर जिंकून मे महिन्यात खातं चालू झालं असतं तरी मला त्याचा उपयोग नव्हता. मी बंद करायचं ठरवलं. पण बटण दाबण्याआधी भाच्याला एक काम सांगितलं: सुरुवातीपासूनचा व्यवहारांचा उतारा, पैसे भरल्याच्या पावत्या, कर बीजकं आणि शिल्लक दाखवणारं पान, सगळं उतरवून घे. बंद झाल्यावर आत शिरता येईलच असं नाही.

मग सीएंनी हिशोब मांडून दिला. इथे घाई केली असती तर साडेपाच हजारांवर पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून आकड्यांसकट सांगते. भरलेल्या ५०,००० पैकी जाहिरातींवर खर्च झाले १८,६४०. राहिले ३१,३६०. स्क्रीनवर ३३,३६० दिसत होते कारण त्यात कंपनीने दिलेले २,००० मिसळलेले होते. ते आपले नाहीत, ते मागायचेच नाहीत. पूर्ण ३३,३६० मागितले असते तर “रकमेत तफावत आहे” या एका वाक्यावर अर्ज परत आला असता. उलट ३१,३६० या रकमेवर आपण भरताना जो जीएसटी दिला तो ५,६४४ रुपये ८० पैसे आहे, आणि तो स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. एकूण मागणी ३७,००४.८०. ताळा असा: खर्च झालेले १८,६४० आणि त्यावरचा कर ३,३५५.२० मिळून २१,९९५.२०. त्यात ३७,००४.८० मिळवले की बरोबर ५९,०००.

“पण ताई,” सीए म्हणाले, “ते म्हणणार जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेतलंय, आता परत कशाला मागताय? त्याचं उत्तर आधीच तयार ठेवूया.” क्रेडिट किंवा करवजावट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करून घेणं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं. सेवेसाठी आगाऊ पैसे घेतले तर घेणाऱ्याला त्यावर कर तेव्हाच भरावा लागतो आणि आपल्याला रिसीट व्हाउचर, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, द्यावं लागतं. पण खरेदीदाराला करवजावट व्हाउचरवर मिळत नाही. ती मिळते कर बीजकावर, सेवा प्रत्यक्ष मिळाल्यावर. बीजक निघालं होतं फक्त फेब्रुवारीत खर्च झालेल्या १८,६४० चं. १४ मार्चला जीएसटी पोर्टलवर फेब्रुवारीचा जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला किती वजावट मिळते ते दाखवणारा उतारा, आला, त्यात कंपनीच्या नावापुढे कर दिसत होता ३,३५५.२०, आणि तेवढाच आम्ही घेतला. उरलेले ५,६४४.८० आमच्याकडे कुठल्याही रूपात आलेले नव्हते. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३१(३) मध्ये अशा वेळची सोय आहे. आगाऊ रक्कम घेऊन व्हाउचर दिलं पण पुढे सेवा दिली नाही आणि बीजकही काढलं नाही, तर पैसे देणाऱ्याच्या नावे कंपनीला रिफंड व्हाउचर काढता येतं. त्यामुळे तो कर कंपनीच्या खिशातून जात नाही. आपल्या विवरणपत्रात तिला तो वळता करून घेता येतो.

खातं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी बिलिंग विभागाला अर्ज पाठवला. तो इंग्रजीत गेला. मजकूर असा होता:

“माझं जाहिरात खातं आपण निलंबित केलं होतं. ते मी आता स्वतः बंद केलं आहे. निलंबनाच्या निर्णयाबद्दल या अर्जात काहीही मागणी नाही. मागणी फक्त न वापरलेल्या आगाऊ रकमेची आहे. भरलेली रक्कम ५९,००० रुपये, त्यात कर ९,०००. वापरलेली रक्कम आपल्या बीजकाप्रमाणे १८,६४० अधिक कर ३,३५५.२०. परत देय रक्कम ३१,३६० अधिक कर ५,६४४.८०, एकूण ३७,००४.८० रुपये. २,००० रुपयांचं प्रमोशनल क्रेडिट मी मागत नाही. न वापरलेल्या रकमेवरील कराची वजावट मी घेतलेली नाही, जीएसटीआर-२बी सोबत जोडला आहे. रक्कम ज्या चालू खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. त्या खात्यावर व्यापारी नाव आहे आणि पॅनवर कायदेशीर नाव आहे. दोन्ही नावं एकाच मालकाची असल्याचं जीएसटी प्रमाणपत्रात नमूद आहे, ते पान जोडलं आहे. रकमेचं रिफंड व्हाउचर द्यावं आणि रक्कम पाठवल्यावर बँकेचा व्यवहार क्रमांक कळवावा. यातली कोणतीही रक्कम आपण नाकारत असाल तर ती कोणती आणि अटींमधल्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी कळवावं.”

नावांबद्दलचं ते वाक्य मुद्दाम घातलं. ज्या तफावतीने खातं अडकलं असावं तीच तफावत रिफंड परत जातानाही आडवी येऊ शकते. आणि शेवटच्या वाक्याचा फायदा असा, की ‘धोरणानुसार शक्य नाही’ एवढंच लिहून सुटता येत नाही. कलम दाखवावं लागतं, आणि अटींमध्ये तसं कलम नव्हतं.

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: आपलं खातं धोरणभंगामुळे निलंबित आहे. मी नवीन काही लिहिलं नाही. तोच अर्ज, तोच तक्रार क्रमांक घालून, कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा ऑनलाइन मध्यस्थ कंपन्यांना असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरावीक मुदतीत निकाल लावायचा, असं त्यात आहे. पान शोधायला वेळ लागला, वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात दुवा होता. पण या वेळची पोच माणसाने लिहिलेली होती. त्यात माझा ३७,००४.८० हा आकडा होता.

तेवढ्यात मी ओळखीच्या वकिलांनाही भेटून आले. ग्राहक आयोगात जाता येईल का, हा माझा प्रश्न होता. ते म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा असली की समोरचा पहिला मुद्दा काढतो, की हा ग्राहकच नाही. कायद्यात अपवाद आहे तो स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यासाठी. मी स्वतः कारखान्यात उभी राहते, पण हाताखाली कामगार आहेत, त्यामुळे वाद होऊ शकतो. जमेची बाजू अशी, की तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. कुणीतरी मला एमएसएमईच्या समाधान पोर्टलवर जा म्हणून सांगितलं होतं, तेही त्यांना विचारलं. ते म्हणाले, ते पोर्टल आपण माल विकला आणि पैसे आले नाहीत तर आहे. इथे आपण विकणारे नाही, घेणारे आहोत, तिथे हे बसत नाही. आयोगाचा रस्ता मी राखून ठेवला.

पुढचा टप्पा जरा धडकी भरवणारा होता. एके दिवशी भाच्याचा फोन आला, “आत्या, शिल्लक शून्य झाली की ओ!” बँकेत तर काही आलं नव्हतं. मला वाटलं रक्कम जप्त केली. पण व्यवहारांच्या पानावर शेवटची ओळ बघितली तर तिथे ‘रिफंड’ असं लिहून रक्कम वजा दाखवली होती. हीच खूण बघायची असते. नुसता अर्ज स्वीकारला असेल तर शिल्लक तशीच राहते. रिफंडची ओळ पडून शिल्लक शून्य झाली म्हणजे पैसे तिकडून निघाले. २,००० ची वेगळी ओळ होती, प्रमोशनल क्रेडिट रद्द केल्याची. यानंतर भांडण कंपनीशी राहत नाही, त्यांच्याकडून व्यवहार क्रमांक घ्यायचा आणि आपल्या बँकेत शोध घ्यायला लावायचा. आम्ही क्रमांक मागून घेतला आणि शाखेत दिला.

खात्यात जमा झाले ३७,१७९ रुपये ४४ पैसे. म्हणजे मागितल्यापेक्षा १७४.६४ जास्त. चुकून आले असतील तर उद्या परत मागतील, म्हणून मी कारण कळेपर्यंत त्यांना हात लावला नाही. कारण व्यवहारांच्या पानावरच सापडलं. खातं बंद झाल्यावरही कंपनी मागच्या क्लिकची छाननी करत असते, आणि खोट्या, यंत्राने मारलेल्या किंवा चुकून दोनदा पडलेल्या क्लिकचे पैसे परत देते. आमच्या फेब्रुवारीच्या खर्चातले १४८ रुपये असे अवैध ठरले होते. त्यावरचा कर २६.६४.

त्यामुळे कागद दोन आले आणि सीएंनी ते वेगवेगळे लावले. ३७,००४.८० चं रिफंड व्हाउचर, कारण त्या रकमेचं बीजक कधी निघालंच नव्हतं. आणि १७४.६४ ची क्रेडिट नोट, कारण ते पैसे फेब्रुवारीच्या बीजकात मोजले गेले होते आणि त्यावरची वजावट आम्ही घेतली होती. ते २६.६४ रुपये पुढच्या विवरणपत्रात उलटवून दिले.

जाहिरात खातं आजही बंद आहे. निलंबनाचं कारण लेखी द्या अशी मागणी मी त्याच तक्रार अधिकाऱ्याकडे वेगळी केली आहे, कारण कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगळं असणारे उद्यमनगरात मी एकटी नाही, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी पुढच्या फेब्रुवारीत पैसे भरणार आहे. त्या मागणीचं उत्तर यायचं आहे.